‘अंतर’ आणि ‘दूरी’: रूळ देखभालीच्या नियमांचा हिंदी अनुवाद तपासणाऱ्यांना खुलं पत्र

नियमपुस्तिकेच्या हिंदी अनुवादाची पडताळणी करणाऱ्या समितीच्या सर्व सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

आपण मला वाचायला दिलेला मसुदा मी तीन वेळा वाचला. पहिल्यांदा घरी, दुसऱ्यांदा इंग्रजी मूळ शेजारी ठेवून आणि तिसऱ्यांदा लाइनीवर, खडीत उभं राहून. तिसऱ्या वाचनात जे दिसलं त्यामुळे हे पत्र लिहावं लागतंय. मसुद्याच्या समासात चार खुणा करून तो परत पाठवला असता तर काम भागलं नसतं. एक-दोन शब्द चुकलेत असं नाही, एक सवय चुकली आहे, आणि ती सवय माझ्यासकट आपणा सगळ्या मराठी माणसांची आहे.

पत्र मराठीत लिहितोय तेही त्यासाठीच. मुंबईत हे काम करणारे बहुतेक अनुवादक, टंकलेखक आणि तपासनीस मराठी आहेत. हिंदी आपल्याला येते. दोन्हींची लिपी एक, निम्मे शब्द सारखे. त्यामुळे इंग्रजी वाक्य आपण डोक्यात आधी मराठीत लावतो आणि मग हिंदीत उतरवतो. वाटेत जो शब्द दोन्ही भाषांत सारखा दिसतो तो न तपासता पुढे जातो, आणि मसुद्यात नेमका तोच नडला आहे.

मी पी-वेमध्ये, म्हणजे रुळांच्या देखभालीत, चौतीस वर्षं काढली. कारकुनी कामापेक्षा लाइनीवरच जास्त. मी फक्त एका भागाबद्दल बोलणार आहे: लाइनीवर काम चालू असताना किंवा अडथळा असताना येणाऱ्या गाडीला कोणते तात्पुरते सिग्नल, किती दूर आणि कसे दाखवायचे. जनरल रूल्समध्ये हा नियम १५.०९ आहे आणि रूळ देखभालीच्या पुस्तिकेत तोच पुढे विस्ताराने येतो.

त्यातली पहिली स्थिती घ्या. गाडी थांबवायची आहे आणि अडथळा एक दिवस किंवा त्याहून कमी काळ राहणार आहे. समजा रूळ बदलायचा आहे. ब्रॉडगेजवर नियम असा: कामाच्या जागेपासून ६०० मीटरवर बॅनर फ्लॅग, म्हणजे लाइनीवर आडवं लावलेलं लाल कापड. १२०० मीटरवर तीन डेटोनेटर, ज्यांना आपण फटाके म्हणतो, एकमेकांपासून दहा-दहा मीटरवर रुळावर बांधलेले. शिवाय तीन ठिकाणी लाल हातझेंडी: कामापासून ३० मीटरवर, बॅनरपाशी, आणि फटाक्यांपासून ४५ मीटरवर.

आता आपल्या मसुद्यातलं वाक्य जसंच्या तसं देतो, फक्त आकडे मराठी वळणाचे केलेत:

“बड़ी लाइन पर ६०० मीटर के अंतर पर बैनर झंडी दिखाई जाएगी तथा १२०० मीटर के अंतर पर तीन पटाखे १० मीटर दूर रखे जाएँगे।”

आपल्याला यात काही खटकणार नाही. मलाही पहिल्या दोन वाचनांत खटकलं नव्हतं. मराठीत ‘अंतर’ म्हणजे इथून तिथपर्यंतचं लांबपण. ठाणे ते कल्याण अंतर किती, असं आपण विचारतो. हिंदी माणूस तिथे ‘दूरी’ म्हणतो. त्याच्यासाठी ‘अंतर’ म्हणजे आधी फरक, आणि मोजमापात आलं तर दोन वस्तूंमधली फट. “दो खंभों के बीच दस मीटर का अंतर” हे त्याचं वाक्य. म्हणजे मूळ इंग्रजीत दोन वेगळ्या कल्पना आहेत, कामापासूनचं लांबपण आणि फटाक्या-फटाक्यांतली फट. हिंदीत त्या दोन्हींना वेगवेगळे शब्द तयार आहेत. मराठीत मात्र दोन्हींना ‘अंतर’च, आणि आपण हिंदीत जाताना मराठीची ही गल्लत सोबत नेली. त्यावर ‘१० मीटर दूर’ लिहून ती पक्की केली. दूर कशापासून, ते वाक्यात कुठेच नाही.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी मसुद्याचं ते पान खिशात घालून ठाण्याच्या अलीकडे गेलो. जुन्या ओळखीची गँग तिथे जेवणाच्या सुट्टीत बसली होती. त्यात बिहारकडचा एक पोरगा होता, भरती होऊन वर्ष झालं नसेल. हिंदी त्याची घरची भाषा आणि इंग्रजी वाचनाची सवय नाही. पुस्तिका हिंदीत आणायची ती त्याच्यासारख्यासाठीच. त्याला ते एक वाक्य वाचायला दिलं आणि म्हटलं, “बेटा, इसमें जो लिखा है वो पत्थर रखके दिखाओ. एक कदम मतलब दस मीटर.” मुकादमाच्या झोळीतला खडू घेऊन बाजूच्या पायवाटेवर एक फुली काढली आणि म्हटलं, ही कामाची जागा.

त्याने फुलीपासून साठ पावलं मोजली आणि बॅनरचा दगड ठेवला. बरोबर. मग तो थांबला, कागद पुन्हा वाचला आणि परत फुलीपाशी आला. तिथून एक पाऊल टाकलं आणि तीन दगड एकत्र ठेवले.

मी विचारलं, इथे का? तो म्हणाला, “लिखा है ना सर, तीन पटाखे दस मीटर दूर.”

“और बारह सौ?”

तो जरा घुटमळला. “वो अंतर है,” म्हणाला. कशाचं, ते त्याला सांगता येईना. तीन फटाक्यांमध्ये प्रत्येकी १२०० मीटर, असं त्याने एकदा बोलून पाहिलं, पण ते जमत नाही हे त्यालाच कळलं. म्हणून त्याने कळला तो आकडा धरला आणि कळला नाही तो सोडून दिला.

त्याला मी दोष देणार नाही. वाक्यात होतं तेच त्याने केलं. मुकादम शेजारी बसून हसू दाबत होता, कारण नियम त्याला तोंडपाठ आहे. पण तो नियम त्याला पुस्तकातून कळलेला नाही. त्याच्या मुकादमाने त्याला शिकवला, आणि त्या मुकादमाला त्याच्या आधीच्याने. ज्याच्या शेजारी असा मुकादम नसेल त्याला फक्त पुस्तक आहे.

ते तीन दगड कुठे होते ते हिशेबाने पाहा. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. १२०० मीटरवर फटाका वाजला तर ड्रायव्हरला कामाच्या जागेपर्यंत चाळीसएक सेकंद मिळतात, आणि त्यात तो ब्रेक लावतो. बॅनर दिसेपर्यंत गाडी बरीच हाताशी आलेली असते. फटाका दहा मीटरवर वाजला तर अर्धा सेकंदही मिळत नाही. फटाका ठेवायचा तोच मुळी धुक्यात, पावसात, वळणावर, जिथे झेंडी दिसणार नाही तिथेही आवाज पोचावा म्हणून.

ते वाक्य मी असं सुचवतो:

“बड़ी लाइन पर अवरोध-स्थल से ६०० मीटर की दूरी पर बैनर झंडी लगाई जाएगी। अवरोध-स्थल से १२०० मीटर की दूरी पर तीन पटाखे रखे जाएँगे. एक पटाखे से दूसरे पटाखे के बीच १० मीटर का अंतर होगा। इसके अतिरिक्त ‘रुको’ हाथ सिगनल तीन जगह दिखाया जाएगा: अवरोध-स्थल से ३० मीटर पर, बैनर झंडी के पास, और पटाखों से ४५ मीटर पर।”

वाक्य लांबलं आहे हे मान्य. ‘अवरोध-स्थल से’ तीनदा आलंय. शाळेत आपल्याला शिकवलं की एकच शब्द पुन्हापुन्हा वापरू नये. नियमाच्या पुस्तकात ती शिकवण बाजूला ठेवावी लागते. प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून मोजायचा ते लिहिलेलं हवं, कारण माणूस पान सलग वाचत नाही. तो एक ओळ शोधतो, वाचतो आणि निघतो. शेवटचे ४५ मीटर तर कामापासून मोजायचेच नाहीत, फटाक्यांपासून मोजायचे. फटाका फुटला की पत्र्याचे तुकडे उडतात, म्हणून झेंडीवाल्याला तितकं लांब ठेवतात. मसुद्यात ते “४५ मीटर के अंतर पर” एवढंच आहे. उद्या कोणी ते कामापासून मोजेल आणि ३० मीटरवरच्या माणसापासून पंधरा मीटरवर दुसरा माणूस उभा करेल.

दुसरी गोष्ट ‘सावधानी’ची. मसुद्याच्या नऊ पानांत हा शब्द मी मोजला, एकतीस वेळा आला आहे. इंग्रजी पाहिलं तर त्या एकतीस जागी चार वेगळे शब्द आहेत. कुठे ‘कॉशन’, कुठे ‘अटेन्शन’, कुठे ‘प्रिकॉशन’, आणि दोन-तीन जागी नुसतंच ‘काळजीपूर्वक’ अशा अर्थाचं क्रियाविशेषण.

बोलण्यात हे चारही एकच. सिग्नलमध्ये मात्र ‘कॉशन’ आणि ‘अटेन्शन’ ही दोन वेगळी दर्शनं आहेत. एक पिवळा दिवा म्हणजे कॉशन: पुढे चला, पण पुढच्या स्टॉप सिग्नलला थांबायची तयारी ठेवा. दोन पिवळे दिवे म्हणजे अटेन्शन: पुढे चला, पुढचा सिग्नल ठरवून दिलेल्या कमी वेगाने ओलांडायची तयारी ठेवा. एकात थांबायची तयारी, दुसऱ्यात वेग उतरवायची. दोन्हींना ‘सावधानी’ म्हटलं की हा फरक संपला.

माझं म्हणणं सोपं आहे. कॉशन जिथे असेल तिथे ‘सतर्कता’, पुस्तकभर, एकही अपवाद न करता. स्टेशनवरून ड्रायव्हरला मिळणाऱ्या कॉशन ऑर्डरला ‘सतर्कता आदेश’ हे नाव रूढ आहेच. तेव्हा लाइनीवरचा कॉशन इंडिकेटर ‘सतर्कता सूचक’ व्हावा, म्हणजे हातातला कागद आणि डोळ्यासमोरची पाटी एकाच नावाने जोडली जातील. मसुद्यात कागदाला ‘सतर्कता आदेश’ आहे आणि पाटीला ‘सावधानी बोर्ड’. नवख्याला या दोन वेगळ्या भानगडी वाटतील. ‘सावधान’ हा शब्द फक्त दोन पिवळ्यांसाठी राखावा. आणि साध्या काळजीसाठी ‘ध्यान से’, ‘सँभलकर’ असे बोलीतले शब्द भरपूर आहेत. ते वापरले की नियमाचे शब्द नियमासाठी मोकळे राहतात. मराठी माणसाच्या कानाला ‘सावधान’ लग्नाच्या मांडवापासून कवायतीपर्यंत इतका सवयीचा आहे की तो आपोआप हातून लिहिला जातो. मुद्दाम थांबल्याशिवाय तो थांबत नाही.

याच्याच पोटात हातझेंडीचा एक प्रश्न आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. “सावधपणे पुढे या” ही हातझेंडी दिवसा हिरवी झेंडी उभी वर-खाली हलवून देतात, रात्री हिरवा दिवा तसाच हलवून. नियम पुढे सांगतो की वेग आणखी उतरवायचा असेल तर हीच खूण अधिकाधिक संथ करत न्यायची, आणि थांबवायचं असेल तर लाल दाखवायची. मसुद्यात आहे: “हरी झंडी धीरे-धीरे हिलाई जाएगी।” यातून ‘वर-खाली’ गळालं आणि ‘अधिकाधिक’ही गळालं. वर-खाली का गळालं त्याचा मी अंदाज बांधू शकतो. मराठीतलं ‘खाली’ हिंदीत लिहिलं की त्याचा अर्थ ‘रिकामं’ होतो. अनुवादकाला ते खटकलं असणार आणि त्याने शब्दच वगळला. ‘ऊपर-नीचे’ लिहिलं की झालं.

पण झेंडी कोणत्या दिशेने हलते हाच तर त्या खुणेचा अर्थ. शंटिंगमध्ये हिरवी झेंडी सावकाश वर-खाली केली तर ‘माझ्यापासून दूर जा’, आणि अंगासमोरून आडवी हलवली तर ‘माझ्याकडे ये’. रात्री पांढरा दिवा आडवा जोरात हलवला तर तो थांबण्याचा इशारा. म्हणजे दिशा आणि गती दोन्ही बोलतात. ‘धीरे-धीरे’ने दिशा गेली, आणि गतीचंही अर्धंच उरलं, कारण ‘धीरे-धीरे’चा अर्थ ‘सावकाश’ही होतो आणि ‘हळूहळू’ही. इथे हवं ते असं: “हरी झंडी को खड़ी दिशा में ऊपर-नीचे हिलाया जाएगा, गति और घटानी हो तो झंडी को पहले से और धीमा हिलाते जाएँगे।”

तिसरी गोष्ट ‘पीछे’. इंग्रजी नियमांत सिग्नलच्या ‘इन रिअर’ म्हणजे गाडी जिकडून येतेय ती बाजू, आणि ‘इन अॅडव्हान्स’ म्हणजे सिग्नल ओलांडल्यावरची बाजू. हे गाडीच्या चालीवरून ठरलेलं आहे. आपण ‘इन रिअर’चं सरळ ‘के पीछे’ केलं. ड्रायव्हरला ते कदाचित चालेल. पण लाइनीवर काम करणारा गडी येणाऱ्या गाडीकडे तोंड करून उभा असतो. त्याच्यासाठी गाडी येते ती बाजू पुढे, आणि ‘पीछे’ म्हणजे पाठीमागे. तो झेंडी नेऊन नेमकी उलट्या बाजूला लावेल. सिग्नल खात्याच्या पुस्तकात काय ते असो, पण रूळ देखभालीच्या या भागात मी सरळ “आती हुई गाड़ी की ओर” लिहीन. शब्द पाच झाले तरी चालतील. वाचणारा कुठेही तोंड करून उभा असला तरी त्याचा अर्थ बदलत नाही.

आता वेगाच्या पाट्या. निर्बंध एका दिवसापेक्षा जास्त टिकणार असेल तर झेंड्यांऐवजी पाट्या उभ्या राहतात. गाडी थांबवायची नसेल तर १२०० मीटरवर सतर्कता सूचक, जागेच्या ३० मीटर आधी वेगाची पाटी, आणि पलीकडे निर्बंध संपल्याच्या पाट्या. या शेवटच्या पिवळ्या गोल तबकड्यांवर काळ्या रोमन अक्षरांत टी/पी किंवा टी/जी लिहिलेलं असतं. एक प्रवासी गाड्यांसाठी, दुसरी मालगाड्यांसाठी. त्या दोन असण्याचं कारण गाडीच्या लांबीत आहे. कमकुवत जागेवरून इंजिन पुढे गेलं म्हणजे गाडी गेली असं नाही. शेवटचा डबा बाहेर पडल्यावरच वेग वाढवायचा. मालगाडी लांब, म्हणून तिची पाटी आणखी पुढे.

मसुद्यात या अक्षरांचंही भाषांतर झालंय. टी/पीचं ‘स/या’ आणि टी/जीचं ‘स/मा’, समाप्ती-यात्री आणि समाप्ती-माल अशा अर्थाने. कल्पना चांगल्या हेतूने केली असेल. पण पाटी रंगवणारा पुस्तक बघून रंगवतो आणि ड्रायव्हर पाटी बघून गाडी चालवतो. लाइनीवर टी/पी आहे, तेव्हा पुस्तकातही तेच रोमन अक्षरांत राहायला हवं. अर्थ शेजारी हिंदीत सांगा, जितका विस्ताराने सांगायचा तितका सांगा. पाटीवर जे दिसतं ते चित्र आहे, आणि चित्राचा अनुवाद होत नाही.

आकड्यांचंही तसंच. या पत्रात मी देवनागरी आकडे वापरतोय, कारण हे मराठी पत्र आहे. पुस्तिकेत ते नकोत, आणि हा माझा हट्ट नाही. संघाच्या कामकाजातल्या अंकांचं रूप आंतरराष्ट्रीय असेल असं घटनेच्या ३४३व्या कलमातच लिहिलंय. मसुद्यात मजकुरातले आकडे आंतरराष्ट्रीय आहेत, पण पाट्यांच्या आकृत्यांत कोणीतरी देवनागरी आकडे काढलेत. देवनागरी चाळीस लांबून बघा. धूळ बसलेली पाटी, संध्याकाळचा उजेड, आणि तो चार इंग्रजी आठसारखा दिसतो. चाळीसचे ऐंशी होतात. देवनागरी एकही नऊसारखा दिसतो, म्हणजे दहाचे नव्वद. वेगाच्या पाटीवर जितक्या चुका होऊ शकतात त्यांत याहून वाईट चूक मला सुचत नाही.

वेगाबद्दल आणखी एकच. मसुद्यात एके ठिकाणी ‘प्रतिबंधित गति’ आहे आणि पुढच्याच परिच्छेदात ‘निषिद्ध गति’. दोन्हीकडे मूळ शब्द एकच आहे, ‘रिस्ट्रिक्टेड स्पीड’. ‘निषिद्ध’ म्हणजे मनाई केलेला. त्या वाक्याचा अर्थ असा होतो की या वेगाने जाण्यास मनाई आहे. म्हणजे ज्या वेगाने जायचं तोच निषिद्ध ठरला. शब्द बदलून लिहिण्याची हौस इथे भोवली. ‘गति प्रतिबंध’ आणि ‘प्रतिबंधित गति’ ही जोडी धरावी आणि सोडू नये. आकड्यासोबत “से अधिक नहीं” प्रत्येक वेळी यावं. ‘लगभग’ आणि ‘तक’ यातलं काहीच तिथे नको.

‘शॅल’ आणि ‘शुड’बद्दल थोडक्यात. मसुद्यात बऱ्याच ठिकाणी दोन्हींना ‘चाहिए’च आहे. पहिल्यात बंधन आहे, दुसऱ्यात अपेक्षा. चौकशी बसली की त्या एका क्रियापदावर माणसाची नोकरी ठरते. पहिल्याला ‘जाएगा’ किंवा ‘होगा’, दुसऱ्याला ‘चाहिए’, एवढं ठरवून टाका.

हे सगळं दुरुस्त करून पुन्हा मसुदा येईल तेव्हा तो कसा तपासावा, याबद्दल माझी विनंती आहे. आत्ताची पद्धत अशी दिसते की एकाने अनुवाद करायचा, दुसऱ्याने इंग्रजी शेजारी ठेवून ताडून पाहायचा. मीही दोनदा तसंच केलं आणि दोन्ही वेळा ‘अंतर’ माझ्या नजरेतून सुटलं. इंग्रजी शेजारी असलं की आपण हिंदीत तो अर्थ वाचतो जो आपल्याला आधीच माहीत असतो. म्हणून एक तपासनीस असा हवा ज्याने इंग्रजी पाहिलेलंच नाही आणि ज्याची घरची भाषा हिंदी आहे. त्याला प्रश्न विचारू नका. “समझ में आया?” म्हटलं की कोणीही “हाँ” म्हणतो. त्याला खडू द्या आणि मांडून दाखवायला सांगा.

त्याआधी आकड्यांची तपासणी होऊ शकते, ती तर कोणीही करू शकेल. इंग्रजी पानातले सगळे आकडे क्रमाने एका कागदावर उतरवायचे: आकडा, एकक, आणि कुठून मोजायचा. तसाच कागद हिंदी पानावरून, वेगळ्या माणसाने. मग दोन्ही शेजारी ठेवायचे. वरच्या वाक्याला हे केलं तर हिंदीच्या कागदावर तिसरा रकाना रिकामा राहतो, आणि चूक तिथेच दिसते. मी नऊ पानांना हे केलं तेव्हा दीड तास लागला आणि तिसऱ्या रकान्यात चौदा जागा रिकाम्या राहिल्या. तो कागद सोबत जोडतोय.

मुंबईपुरती आणखी एक अडचण सांगतो, कारण इथल्या गँगा पुस्तक वाचतील तेव्हा ती लगेच येणार. इथे १२०० मीटर म्हणजे कधीकधी अख्खं स्टेशन मागे. सीएसएमटी ते मस्जिद जेमतेम सव्वा किलोमीटर, आणि मस्जिद ते सँडहर्स्ट रोड त्याहूनही कमी. तिथे सूचक पाटी आधीच्या प्लॅटफॉर्मच्या अलीकडे जाऊन पडते. अशा जागांसाठी विशेष अनुदेश असतात. इंग्रजीत त्यांचे दोन प्रकार आहेत. एक नुसते विशेष अनुदेश, आणि दुसरे ‘अप्रूव्ह्ड’, म्हणजे रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी मंजूर केलेले. मसुद्यात दोन्हींना ‘विशेष सूचना’ म्हटलंय. मंजुरीचा शब्द गळाला की एखाद्या सेक्शनला वाटेल, आपल्या पातळीवर कागद काढला की अंतर कमी करता येतं. तिथे ‘अनुमोदित’ हा शब्द परत घाला.

राजभाषा नियम १९७६ प्रमाणे ही पुस्तिका हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत निघणार हे ठरलेलंच आहे, आणि निघावी अशीच माझी इच्छा आहे. ज्या पोराने ते तीन दगड ठेवले त्याला मी नंतर सुचवलेलं वाक्य वाचायला दिलं. त्याने काही न विचारता एकशेवीस पावलं मोजली, पायवाट संपली तरी पुढे खडीतून चालत गेला, आणि तिथे एकेका पावलावर तीन दगड ठेवून परत आला. मग मला म्हणाला, “सर, पहले वाले में ऐसा क्यों नहीं लिखा?”

दुरुस्त मसुदा तयार झाला की कोणत्याही रविवारी ब्लॉकच्या वेळी कळवा. टेप आणि खडू घेऊन मी येतो, वाचायला माणूस तुमच्यापैकी कोणी आणू नका, तो मी गँगमधून आणतो.

आपला,
एक निवृत्त पी-वे निरीक्षक
मुंबई